काम मागायच्या आधी दुकानदाराला नेमकं काय दाखवायचं: सोलापुरी चादरीच्या दुकानाचं उदाहरण

प्रश्न: मी सोलापुरात फ्रीलान्सिंग करतो. गूगल मॅपवरची दुकानाची माहिती, फोटो, व्हॉट्सॲप कॅटलॉग, छोट्या वेबसाइट असली कामं. नवी पेठ, चाटी गल्ली सगळीकडं फिरून कार्ड दिली, सगळे "नंतर बघू" म्हणतात. आधी काहीतरी करून दाखव असं सगळे सांगतात, पण काय करून दाखवायचं आणि फुकट किती करायचं?

उत्तर:

दुकानदाराच्या गल्ल्यासमोर रोज कोण कोण येऊन उभं राहतं ते आधी बघ. कर्ज देणारा, विमावाला, बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणारा, पेमेंटचा साउंडबॉक्स बसवणारा, वर्गणीवाले, आणि त्यात तू. सगळे आपल्याकडं काय आहे ते सांगतात, त्याच्या दुकानाबद्दल कुणीच काही सांगत नाही. म्हणून "नंतर बघू". तू फक्त एकच गोष्ट घेऊन जा. त्याच्याच दुकानाची अशी एक अडचण, जिच्यामुळं गिऱ्हाईक परत जातंय, आणि जी तो स्वतःच्या मोबाइलवर दोन मिनिटांत तपासू शकतो. बाकी काही नको. कार्ड पण नको, ते शेवटी त्यानं मागितलं तर दे.

बरेच जण इथं सँपल वेबसाइट नाहीतर लोगो करून नेतात. ते करू नको. एकतर चार दिवस जातात, आणि दुसरं म्हणजे वेबसाइट चांगली की वाईट हे मालकाला ठरवता येत नाही, मग तो जे ठरवता येतं ते ठरवतो. हा रंग नको, नाव मोठं कर, वडिलांचा फोटो वर घे. बोलणं धंद्यावरून आवडीनिवडीवर जातं आणि तू कामाला लागायच्या आधीच दुरुस्त्या करत बसतोस. रविवारी दुकान चालू असून गूगलवर बंद दिसतंय असं सांगितलं तर त्यात आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही, ते एक तर खरं असतं नाहीतर खोटं.

आता दुकान कुठलं निवडायचं, कारण अर्धं काम इथंच होतं. चाटी गल्लीतला होलसेलवाला आणि रस्त्यावरचा चादर-टॉवेलचा रिटेलवाला हे दोघं कापडच विकतात पण त्यांची गिऱ्हाइकं वेगळी. होलसेलवाल्याकडं ठरलेले व्यापारी येतात, त्यांना रस्ता पाठ आहे, ते मॅप बघून येत नाहीत, त्याला गूगल मॅपचं कौतुक सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी वेगळी गोष्ट शोधावी लागते, म्हणजे उदाहरणार्थ तो पन्नास जणांना तेच तेच फोटो व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा पाठवतो आणि कुठल्या डिझाइनचा रेट कुठला यात गोंधळ होतो, तिथं कॅटलॉग कामाला येतो. गल्लीतल्या किराणावाल्याला तर दोन्हीची गरज नाही, त्याला सगळी गल्ली ओळखते, त्याच्या मागं लागू नको.

तुझ्यासाठी सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्याकडं परगावची माणसं फोन बघून येतात. सोलापुरात असली दुकानं भरपूर आहेत कारण आपण अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर या सगळ्यांच्या मधोमध बसलोय. पुण्याची गाडी अक्कलकोटला स्वामींचं दर्शन घेऊन परत निघते, गाडीतलं कुणीतरी म्हणतं सोलापूर आलंय तर चादरी घेऊया, आणि चालत्या गाडीत फोनवर शोधायला सुरुवात होते. त्या माणसाला कुठलंच दुकान माहीत नसतं. स्क्रीनवर वरची दोन-तीन नावं, चालू आहे का बंद, फोटो कसे, गाडी लावायला जागा दिसते का, एवढंच बघून तो ठरवतो. म्हणजे मालकानं काउंटरवर कितीही गोड बोललं तरी निर्णय आधीच रस्त्यात झालेला असतो, आणि हे बऱ्याच मालकांना कधी दिसतच नाही, कारण जे गिऱ्हाईक आलंच नाही ते दुकानातून दिसत नाही. तुला नेमकं ते दाखवायचंय.

शोधायचं कसं ते सांगतो. घरी बसून शोधू नको. गूगल जवळपासची दुकानं दाखवताना तू कुठं उभा आहेस ते धरतं, जुळे सोलापुरात बसून एक दिसेल आणि स्टेशनजवळ उभं राहून दुसरं. अक्कलकोट रोडवर किंवा जिथून परगावच्या गाड्या शहरात शिरतात तिथं जा, ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघड म्हणजे तुझ्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होईल, आणि गिऱ्हाईक टाइप करेल तसं टाइप कर. `solapuri chadar shop near me` किंवा `solapur chaddar`, स्पेलिंग लोक कसंही करतात, दोन-तीन तऱ्हा करून बघ. मग आपल्या मनातल्या दुकानाचं प्रोफाइल उघड आणि गिऱ्हाइकाच्या नजरेनं बघ. पिन बरोबर दारात आहे का मागच्या बोळात? फोन नंबर लावून बघ, उचलतात का का तो जुना लँडलाइन आहे? वेळ काय दाखवतंय? फोटो दुकानानं टाकलेत का कुणीतरी गिऱ्हाइकानं टाकलेला बिलाचा फोटो पहिला दिसतोय?

वेबसाइटचं बटण पण दाबून बघ. आधी गूगल दुकानदारांना फुकट एक पानाची वेबसाइट द्यायचं, तिचा पत्ता `business.site` नं संपायचा. ती सोय गूगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली, जूनपर्यंत ते पान प्रोफाइलकडं वळवत होतं, नंतर तेही थांबलं. तो पत्ता बोर्डावर, पिशवीवर, बिलावर छापलेली दुकानं अजून सापडतात आणि मालकाला वाटतं आपली वेबसाइट आहे. हे पण दाखवायला चांगलं आहे, पण पहिल्या भेटीत दोन्ही-तिन्ही नको. सगळ्यात जास्त गिऱ्हाईक कशामुळं जातंय ते एकच उचल.

आता एक उदाहरण पूर्ण घेऊ. समजा परगावच्या गाड्या येतात त्या रस्त्यावर चादर-टॉवेलचं एक दुकान आहे, मालक साठीतले, मुलगा हाताखाली, दोन कामगार. प्रोफाइलवर रविवार बंद दिसतोय. तू मागच्या रविवारी तिथून गेलास तेव्हा दुकान चालू होतं. इथंच धावत जाऊ नको, येत्या रविवारी परत जा. तो रविवार सणामुळं चालू असेल, मालक एरवी खरंच बंद ठेवत असतील, तर तुझी सगळी गोष्ट पहिल्या वाक्याला कोसळते. दुकान चालू आहे हे बघ, बाहेर लागलेल्या गाड्यांचे नंबर बघ. एमएच १२, एमएच १४, केए ३२, केए २८ दिसले म्हणजे पुणे, पिंपरी, कलबुर्गी, विजापूरकडची माणसं येतात, एमएच १३ च दिसले तर हे दुकान आपल्याच माणसांवर चालतं. एखादा टॉवेल विकत घे. रविवारी असताच का एवढं सहज विचार. त्याच वेळी दारात उभं राहून फोनवर प्रोफाइल उघड आणि स्क्रीनशॉट घे, त्यात वरती वेळ दिसते आणि खाली "Closed" दिसतं. हा तुझा एक फोटो. दुसरा फोटो त्याच क्षणी दुकानाचा, शटर उघडं, आत दिवे लागलेले. बोर्ड येऊ दे, गिऱ्हाइकांचे चेहरे नको.

मनात येईल की `Suggest an edit` दाबून आपणच वेळ दुरुस्त करून टाकू आणि मग जाऊन सांगू. गूगल ते कुणालाही करू देतं हे खरं, पण करू नको. न विचारता त्याच्या दुकानाच्या माहितीला हात लावल्यासारखं होतं, आणि दुसरं म्हणजे दुरुस्त झाल्यावर दाखवायला काय उरलं? मालकानं ते "Closed" स्वतःच्या फोनवर बघितलं पाहिजे.

आता कागद. ईमेल नको, दहा पानांची पीडीएफ नको. एका ए-फोर कागदावर ते दोन फोटो शेजारी शेजारी, झेरॉक्सच्या दुकानात कलर प्रिंट काढ. खाली मोठ्या अक्षरात मराठीत तीन-चार ओळी, या अशा:

"रविवार, सकाळी ११.४०. दुकान चालू आहे, गूगलवर बंद दिसतंय. अक्कलकोट-तुळजापूरहून परत जाणारी गाडी हे बघून पुढच्या दुकानात जाते. तुमच्या फोनवर तपासा: गूगलमध्ये दुकानाचं नाव टाका, वेळेवर बोट ठेवा. दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, कसं करायचं ते मागच्या बाजूला लिहिलंय."

आणि मागच्या बाजूला खरोखर लिही, कुठं दाबायचं, काय भरायचं, क्रमानं. बऱ्याच जणांना इथं भीती वाटते की सगळं सांगितलं तर तो स्वतःच करून घेईल. करू दे की. पाच मिनिटांच्या कामाचे पैसे तुला नकोच आहेत. अर्धवट सांगून "बाकीचं पैसे दिल्यावर" म्हणालास की तू पण त्या रोजच्या रांगेतला झालास. तो स्वतः गिऱ्हाइकाला कसं दाखवतो बघ, किंमत सांगायच्या आधी चादरीची घडी उलगडून हातात देतो, ती अर्धीच उलगडत नाही.

भेटायची वेळ दुपारची धर, जेवण झाल्यावर, गिऱ्हाईक कमी असताना. सकाळी शटर उघडून पूजा, झाडलोट, बोहनी चालू असते तेव्हा मुळीच नाही. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, दिवाळीच्या आधीचे आठवडे, लग्नसराई टाळ, मालकाला मान वर करायला वेळ नसतो. बोलताना मालक एकटे असतील असं बघ. कामगारांसमोर किंवा मुलासमोर "तुमचं चुकलंय" असं ऐकायला कुणालाच आवडत नाही, आणि बऱ्याचदा ती माहिती त्या मुलानंच कधीतरी भरलेली असते. "चूक" हा शब्दच काढू नको, "गूगलवर असं दिसतंय" म्हण.

बोलणं साधारण असं होतं:

"नमस्कार मालक. मागच्या रविवारी तुमच्याकडून टॉवेल नेला होता. एक गोष्ट दाखवायची होती, दोन मिनिटं लागतील."

"बोल की. काय विकायलास?"

"आज काही विकायला आलो नाही. हे बघा, रविवारी दुकान चालू होतं आणि फोनवर बंद दाखवत होतं. तुमच्याच फोनवर बघा एकदा."

मग तो फोन काढतो, चष्मा लावतो, मुलाला हाक मारतो. "आम्ही तर रविवार कधी बंदच ठेवत नाही की! कुणी टाकलं हे?"

"कुणीही टाकलं असेल मालक, ते शोधत बसायला नको. दुरुस्त होतंय, मागं लिहिलंय कसं ते. म्हणत असाल तर आत्ता इथंच करू."

आणि मग हमखास येणारा प्रश्न: "हे तू फुकट कशाला सांगायलास?"

याला खरं उत्तर दे. "मी हेच काम करतो. तुमचं काम करायला मला आवडेल, पण ते आज ठरवायचं नाही. हे आधी नीट होऊ दे, पंधरा-वीस दिवसांनी येतो, काही फरक पडला का बघू." समाजसेवा करतोय असा आव आणलास तर त्याला संशय येतो आणि तो बरोबरच असतो. आणि हो, मालक वडीलधारे असले तर अण्णा, काका, मालक जे शोभेल ते म्हण, सर म्हणू नको, सर म्हटलं की परत बँकेचा माणूस आला असं वाटतं.

दुरुस्ती करताना खरी गाठ एकच असते, प्रोफाइल कुणाच्या हातात आहे. तीन शक्यता. कुणीच ताब्यात घेतलं नसेल तर तिथं `Own this business?` असं दिसतं. ते मालकाच्या फोनवरून, मालकाच्या जीमेलनं घ्यायचं, तुझ्या जीमेलनं कधीच नाही. मग गूगल खात्री करायला सांगतं, पद्धत गूगल ठरवतं, पण आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. न थांबता एकच व्हिडिओ काढायचा, त्यात बाहेरचा रस्ता आणि आजूबाजूचे बोर्ड, मग दुकानाचा बोर्ड, मग आतला माल, आणि दुकान यांचंच आहे हे कळेल असं काहीतरी, म्हणजे किल्लीनं शटरचं कुलूप उघडणं किंवा गल्ल्याच्या आत जाणं. माणसांचे चेहरे आणि बँकेचे कागद त्यात येऊ देऊ नको. तपासायला गूगलला काही दिवस लागतात, तेवढे दिवस मालकाला आधीच सांगून ठेव, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो की अजून बंदच दिसतंय.

दुसरी शक्यता, आधीच यांच्याच जीमेलवर आहे आणि पासवर्ड विसरलेत. सोपं आहे, मुलाच्या जुन्या फोनमध्ये बहुतेक सापडतं. तिसरी जरा त्रासाची, ते कुण्या तिसऱ्याच्याच खात्यावर आहे, कधीतरी कामाला असलेला कॉम्प्युटर ऑपरेटर किंवा एखादा जाहिरातवाला. अशा वेळी `Request access` पाठवायचं, समोरच्याला उत्तर द्यायला ३ दिवस असतात, त्यानं उत्तर दिलं नाही तर बऱ्याचदा पुढं स्वतः दावा करायची वाट मिळते. एका ओळखीच्या दुकानाचं प्रोफाइल असंच एका एजन्सीनं आपल्याच नावावर ठेवलं होतं आणि महिन्याचे पैसे बंद केल्यावर नंबरच बदलला, मालकाला स्वतःच्याच दुकानासाठी भांडावं लागलं. म्हणून तू पहिल्या दिवशीच सांग, प्रोफाइलचे मालक तुम्ही, मला फक्त मॅनेजर करा. मॅनेजर वेळ, फोटो, फोन सगळं बदलू शकतो पण मालकाला काढून टाकू शकत नाही, आणि मालक त्याला कधीही काढू शकतो. एवढं स्क्रीनवर दाखवलंस की मालकाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो, कारण असल्या कामांबद्दल त्यांनी ऐकलेल्या वाईट गोष्टी नेमक्या याच जागेवरच्या असतात.

इथं तुझं फुकटचं काम संपलं. वेळ दुरुस्त, फोन नंबर चुकीचा असेल तर तेवढा, बास. फोटो नाही, कॅटलॉग नाही, पोस्ट नाही. फुकट तेवढंच द्यायचं जे एका बैठकीत पूर्ण होतं आणि ज्याला परत हात लावावा लागत नाही. ज्याला परत परत हात लावावा लागतो ते काम आहे, त्याचे पैसे.

निघायच्या आधी दोन गोष्टी कर. प्रोफाइलच्या `Performance` मध्ये जाऊन किती जणांनी कॉलचं बटण दाबलं, किती जणांनी रस्ता विचारला याचा स्क्रीनशॉट मालकाच्याच फोनवर काढून ठेव. प्रोफाइल नवीन ताब्यात घेतलं असेल तर तिथं आधीचे आकडे मिळतीलच असं नाही, मग आजपासूनचे धर. आणि दुसरी गोष्ट मला जास्त भरवशाची वाटते. गल्ल्यातल्या वहीच्या मागच्या पानावर वार लिहून दे आणि सांग, परगावचं गिऱ्हाईक आलं की "कसं कळलं दुकान?" एवढं विचारा, मॅपवरून म्हणालं तर त्या वाराखाली एक रेघ ओढा. गूगलचा आकडा बोट दाबल्याचा आहे, माल घेतल्याचा नाही, रस्ता विचारून पुढं निघून गेलेला पण त्यात मोजला जातो. वहीतली रेघ मालकाच्या हातची असते, तिच्यावर तो वाद घालत नाही.

तीन आठवड्यांनी जा. तुलना करताना रविवारची तुलना रविवारशीच कर, अक्कलकोटची गर्दी गुरुवारी आणि सुट्टीला वाढते, तुळजापूरची मंगळवार-शुक्रवारी, त्यामुळं नुसता आठवडा विरुद्ध आठवडा बघितलं तर फसशील. मधे एखादी पौर्णिमा नाहीतर जोडून सुट्टी आली असेल तर ती तू होऊन सांग, "या रविवारी सुट्टी होती, तो मोजायला नको". हे सांगितल्यानं तुझी बाजू कमजोर होईल असं वाटतं, पण होतं उलटं, बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. आणि वहीत रेघाच नसल्या तर? मग तसंच मान्य कर, इथं मॅपवरून येणारं गिऱ्हाईक कमी आहे, या दुकानाला माझ्या मोठ्या कामाची गरज नाही, आणि पुढं जा. जबरदस्तीनं गळ्यात मारलेलं काम दुसऱ्या महिन्यात पैशावरून तुटतं.

रेघा दिसल्या तर आता मागायचं, आणि स्पष्ट मागायचं. "काही असेल तर सांगा" असं म्हणू नको, त्याला काय असतं तेच माहीत नाही. एक ठरलेलं काम, एक रक्कम, एक शेवटची तारीख. चादरीच्या दुकानासाठी पुढचं काम फोटोंचं असतं, कारण वेळ बरोबर झाली तरी गिऱ्हाईक दोन-तीन दुकानांत निवड फोटोवरून करतं. चादरीचा फोटो सोपा नाही हे पण मालकाला समजावून सांग. ट्यूबलाइटखाली मरून रंग काळपट येतो आणि पांढरा निळसर, म्हणून सकाळी शटरजवळच्या उजेडात काढायचे. जकार्डची विण आहे, मागच्या बाजूला तेच डिझाइन रंग उलटे होऊन दिसतं, ते एक कोपरा दुमडून दाखवायचं, कारण परगावचा माणूस फोनवर पहिलं हेच विचारतो, असली सोलापुरी आहे का. जोडीला लेबल आणि काठ जवळून.

रक्कम कशी ठरवायची ते आकड्यात बघू. आकडे समजायला घेतलेत, तू मालकाकडून त्याचे घे. समजा एक गाडी सरासरी २,००० चं बिल करते आणि मालक सांगतो की त्यात २० टक्के सुटतात, म्हणजे ४००. तू ३० वस्तूंचे फोटो, प्रोफाइल पूर्ण भरणं आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर दर टाकलेला कॅटलॉग याचे ७,००० सांगणार असशील तर १८ गाड्यांत ते वसूल होतात. वहीत शनिवार-रविवार मिळून दोन जादा गाड्या दिसत असल्या तर साधारण नऊ आठवडे. हे गणित त्याच्या समोर, त्याच्याच कॅल्क्युलेटरवर, त्यालाच करू दे. तो म्हणाला १० टक्केच सुटतात, तर ३५ गाड्या लागतात, मग ७,००० त्याला महाग आहे आणि तू रेट पाडण्यापेक्षा काम लहान कर, १२ वस्तू, कॅटलॉग नंतर. रेट पाडलास की पुढच्या वेळी पण तोच रेट राहतो. काम लहान केलंस तर रेट जागेवर राहतो.

पैसे अर्धे आधी, अर्धे काम हातात दिल्या दिवशी. कापड बाजारात महिना-दोन महिन्यांची उधारी चालते आणि मालकाला तुझ्याकडं पण तेच करायची सवय असणार, त्यात वाईट हेतू नसतो, पण तू सूतवाला नाहीस, तुझ्याकडं तेवढं भांडवल नाही. पहिल्याच बोलण्यात सांगितलं तर कुणी रागवत नाही, काम झाल्यावर सांगितलं तर रागावतात. चार ओळीत व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, काय करणार, कधीपर्यंत, किती, किती वेळा बदल करून देणार, आणि त्यांच्याकडून "ठीक आहे" एवढं उत्तर घे.

काही ठिकाणी गाडी अडेल. मालक खूश होतो, चहा पाजतो आणि म्हणतो "अजून जरा चार फोटो टाकून दे की, मग बघू." इथं बरेच जण वाहवत जातात. "टाकतो मालक, फोटोचं काम असं असं आहे आणि एवढे होतात" असं तिथल्या तिथं, हसतमुखानं सांग. ज्याला काम करून घ्यायचंय तो किंमतीवर बोलायला लागतो, दोन हजार कमी कर, पुढच्या महिन्यात कर. ज्याला नुसतं फुकट हवंय तो किंमत ऐकून विषय बदलतो. दोन्ही मिनिटभरात कळतं. "भाचा करतो आमचा" असं म्हणाले तर वाद घालू नको, भाच्याला तो कागद समजावून सांग आणि नंबर देऊन ये, भाचा पुण्याला नोकरीला गेला की फोन येतो.

दोन गोष्टींना मात्र सरळ नाही म्हण, कितीही पैसे देतो म्हणाले तरी. एक, "पाच स्टारचे शंभर रिव्ह्यू टाकून दे". खोटे रिव्ह्यू गूगल काढून टाकतं, प्रोफाइलवर बंधनं पण येतात, आणि रिव्ह्यू दिला तर टॉवेलवर सूट हे पण नियमात बसत नाही. खऱ्या गिऱ्हाइकाला बिल देताना रिव्ह्यू द्या म्हणायला हरकत नाही, काउंटरवर क्यूआर कोड लावता येतो. दुसरं, दुकानाच्या नावात "सोलापुरी चादर टॉवेल होलसेल बेस्ट रेट" असं घुसवणं. बोर्डावर जे नाव आहे तेच प्रोफाइलवर पाहिजे, नाहीतर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं आणि तेव्हा रविवारच काय सगळेच वार बंद. "पहिल्या नंबरला आणून देतो" असं पण बोलू नको. गूगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं, शोधलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि किती नावाजलेलं आहे. यातलं अंतर तुझ्या हातात नाही, आणि एमआयडीसीतलं दुकान स्टेशनवर उभ्या माणसाला पहिलं दाखवायचं कबूल करून तू अडकशील.

शेवटचं, हे लवकरच समोर येईल म्हणून आत्ताच ठरवून ठेव. एका दुकानाचं काम झालं की शेजारचा बोलावतो, "त्याचं केलंस तसं माझं पण कर." दोन्ही दुकानं एकाच रस्त्याला, एकाच गिऱ्हाइकासाठी भांडणारी. फोटोचं एकदाचं काम असेल तर दोघांचं करायला हरकत नाही, फक्त पहिल्या मालकाला आधी फोन करून सांग, त्याला बाहेरून कळता कामा नये. पण दर महिन्याचं काम, जिथं तुला एकाच्या वहीतल्या रेघा आणि मार्जिन माहीत आहेत, ते त्या रस्त्यावर एकाच दुकानाचं घे आणि दुसऱ्याला तसं कारण सांगून नाही म्हण. एकाचे आकडे दुसऱ्याला नमुना म्हणून पण दाखवायचे नाहीत, नाव झाकून पण नाही, कारण शेजारच्याला आकड्यावरून लगेच कळतं कुणाचे आहेत ते. त्याच्यासाठी परत पहिल्यापासून, त्याच्या दारात उभं राहून, त्याचाच एक कागद तयार कर.